शेवटचा हप्ता गेला, पण बाकी शून्य झाली का?

शेवटचा ईएमआय कटला की आपण कर्ज फिटलं असं धरून चालतो. बँकेच्या लेखी ते फिटतं क्लोजिंग स्टेटमेंटवर बाकी शून्य दिसेल तेव्हा.

इंदूरला सुदामा नगरात राहणाऱ्या माझ्या आतेभावाचंच बघा. फ्लोटिंग दराचं होम लोन. बोनस आला की दादा थोडं मुद्दल भरायचा आणि हप्ता तोच ठेवायचा, म्हणून कर्ज मुदतीच्या बरंच आधी संपलं. स्टेटमेंट मागवलं तर ४,१३० रुपये बाकी! ब्रँचमधला पोरगा म्हणतो, "भिया, छोटा-सा अमाउंट है, भर दो, एनओसी निकाल देता हूँ." वहिनीही म्हणाली, भरा आणि मोकळे व्हा. मी म्हटलं, आधी फोड मागा.

फोडीत दोन रकमा निघाल्या. फोरक्लोजर चार्ज ३,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५४०. शिवाय एका जुन्या हप्त्याचा बाउन्स चार्ज ५०० आणि जीएसटी ९०.

पहिली रक्कम सरळ चूक. वैयक्तिक नावावरच्या फ्लोटिंग होम लोनवर बँकांनी फोरक्लोजर चार्ज घ्यायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच सांगितलंय. सिस्टिमने मूळ मुदतीची तारीख पाहिली आणि 'मुदतपूर्व' ठरवून चार्ज लावला. दादाने सँक्शन लेटरचं दर लिहिलेलं पान जोडून मेल केला, चार्ज निघाला. (फिक्स दराच्या कार लोनला ही सूट धरून चालू नका, तिथे करारात काय लिहिलंय ते बघावं लागतं.)

दुसरी रक्कम खरी होती. पासबुकात त्या तारखेला शिल्लक कमीच होती. ते ५९० रुपये लगेच भरायला लावले, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. १ डिसेंबर २०२३ पासून नियम असा की पूर्ण परतफेड झाल्यापासून ३० दिवसांत बँकेने घराचे मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा काढायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. पण तुमच्याकडे ५९० रुपये जरी बाकी असले तरी बँक म्हणणार, परतफेड पूर्ण झालीच कुठे? म्हणून पैसे भरल्याची पावती आणि शून्य बाकीचं स्टेटमेंट, दोन्ही तारखेसह जपून ठेवा.

नो ड्यूज सर्टिफिकेट हातात आल्यावर लोन अकाउंट नंबर आणि सहकर्जदाराचं नाव तपासा. टॉप-अप घेतलं असेल तर त्याचा नंबर वेगळा असतो, तोही बंद झालाय का ते विचारा. महिना-दीड महिन्याने क्रेडिट रिपोर्ट काढा. तिथे 'Closed' हवं. 'Settled' दिसलं तर बँकेला लेखी तक्रार करा, कारण त्याचा अर्थ बँकेने कमी पैशांत तडजोड केली असा होतो.