१२० गुणिले १० बरोबर १२०० : सोसायटीच्या वीजभाराचं गणित असं होत नाही

सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज असा: "आमच्या सोसायटीत १२० फ्लॅट, प्रत्येकाचा मंजूर भार १० किलोवॅट. म्हणजे १२०० किलोवॅट लागणार. बिल्डरने बसवलाय फक्त ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर! मे महिन्यात सगळ्यांनी एकदम एसी लावले की तो उडणारच. डायव्हर्सिटी वगैरे बिल्डरची पळवाट आहे. पूर्ण भार मागा. पुढे पाठवा."

आधी एका घरात डोकावू. दोन बीएचकेमध्ये दोन गिझर धरले तर ४ किलोवॅट, दीड टनाचे दोन एसी ३, मायक्रोवेव्ह १.२, इस्त्री १, मिक्सर आणि वॉशिंग मशीन मिळून १, फ्रिज-दिवे-पंखे-टीव्ही ०.८. बेरीज होते ११ किलोवॅट. हा झाला जोडलेला भार, आणि त्यावरूनच कोणीतरी १० किलोवॅट मंजूर करून घेतलेले असतात. पण डिसेंबरच्या सकाळी दोन्ही गिझर चालू असतात तेव्हा एसी बंद असतात, आणि मेमधल्या रात्री एसी चालू असतात तेव्हा इस्त्री कपाटात असते. त्या घराची स्वतःची कमाल मागणी ५-६ किलोवॅटच्या वर क्वचित जाते. १० किलोवॅट ही त्या एका घराची, त्याच्या वायरची आणि मीटरची मर्यादा आहे. तेवढी वीज रोज ओढली जाते असा त्याचा अर्थ नाही.

आता शेजारची घरं धरू. सगळी घरं आपापली कमाल वीज एकाच वेळी ओढत नाहीत, यालाच डायव्हर्सिटी म्हणतात. पंधरा लिटरच्या गिझरमधलं पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. २ किलोवॅटच्या गिझरला त्यासाठी सोळा-सतरा मिनिटं पुरतात, मग थर्मोस्टॅट तो बंद करतो. चार माणसांच्या घराला आंघोळीसाठी सकाळी दोनेक युनिट लागतात, आणि ते सहा ते आठ या दोन तासांत विभागले जातात. म्हणजे घरामागे सरासरी १ किलोवॅट, आणि सर्वांत गर्दीच्या अर्ध्या तासात १.५ धरू. (कमाल मागणी मीटरवर क्षणाची नव्हे, १५ किंवा ३० मिनिटांच्या सरासरीची नोंदली जाते.) स्वयंपाकघर, कपडे धुणं आणि बाकीचं मिळून ०.९ किलोवॅट. घरामागे २.४, म्हणून १२० घरांचे २९० किलोवॅट. लिफ्ट, पाण्याचे पंप, पार्किंगचे दिवे यांचे ५० मिळवले की ३४०. ट्रान्सफॉर्मरची क्षमता केव्हीएमध्ये मोजतात, आणि किलोवॅटला पॉवर फॅक्टरने भागलं की केव्हीए मिळतात. तो ०.९५ धरला तर ३५८ केव्हीए. पाचशेच्या ट्रान्सफॉर्मरवर हा ७२ टक्के भार झाला.

मे महिन्याची भीतीही आकड्यांत तपासू. समजा खरोखरच २४० च्या २४० एसी चालू आहेत, एकाही घराला कुलूप नाही, आणि सगळे कॉम्प्रेसर एकाच क्षणी पूर्ण भाराने चालताहेत. हे ३६० किलोवॅट. घरामागे इतर ०.६ किलोवॅटप्रमाणे ७२, सामायिक ५०. बेरीज ४८२ किलोवॅट, म्हणजे ५०७ केव्हीए. तेलाचा ट्रान्सफॉर्मर एवढा किंचित जादा भार काही तास सहज सोसतो. आणि ही अशक्य वाटावी इतकी टोकाची कल्पना आहे. खोली थंड झाली की कॉम्प्रेसर थांबतो किंवा इन्व्हर्टर एसी आपला वेग उतरवतो. काही घरांत एकच एसी चालतो, काही जण गावाला गेलेले असतात. प्रत्यक्षात दीडशे एसी चालू आणि त्यांतले सत्तर टक्के कॉम्प्रेसर एका वेळी धावताहेत असं धरलं तर रात्रीचा भार २८० किलोवॅटच्या आसपास येतो, म्हणजे हिवाळ्यातल्या सकाळपेक्षाही कमी.

"मग आमच्याकडे दर उन्हाळ्यात फ्यूज का जातो?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचं उत्तर बहुतेक वेळा केव्हीएमध्ये नसून फेजमध्ये असतं. ५०० केव्हीए, ४३३ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भाराचा प्रवाह प्रत्येक फेजला ६६७ अँपिअर. एकाच फेजवर जास्त सिंगल फेज घरं टाकलेली असतील तर तिथे ६६७ च्याही वर आणि दुसरीकडे जेमतेम ३५० अँपिअर वाहतात. एका फेजचा फ्यूज उडतो आणि लोक म्हणतात ट्रान्सफॉर्मर लहान आहे. मोठा ट्रान्सफॉर्मर आणून हे सुधारत नाही, घरं तिन्ही फेजवर नीट वाटून सुधारतं. वीज कंपनीच्या लाईनमनकडून मे महिन्यात रात्री दहा ते बारा आणि डिसेंबरात सकाळी सहा ते आठ या वेळांत टाँग टेस्टरने तिन्ही फेज मोजून घेतले की वाद पाच मिनिटांत मिटतो.

"पूर्ण भार मागा" या सल्ल्याची किंमतही रहिवासीच देतात. १२०० किलोवॅटसाठी ६३० केव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर, त्यांची जागा, जाड केबल, आणि भार असो-नसो ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यात चोवीस तास वाया जाणारी वीज, म्हणजे लोहहानी. सोसायटीचं एकच उच्चदाब कनेक्शन असेल तर वीज कंपनीशी करारात ठरलेल्या पण न वापरलेल्या मागणीवरही महिन्याला आकार भरावा लागतो.

डायव्हर्सिटीचा गैरवापर मात्र होतो, आणि त्याबद्दलचा संशय मला पटतो. फ्रेंच मानकावर आधारलेल्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या तक्त्यात ५० किंवा जास्त घरांना ०.३८ चा गुणक आहे, ५ ते ९ घरांना ०.७८, आणि ४ पर्यंत थेट १. हा गुणक घराच्या पूर्ण भाराला लावायचा असतो. १२० × १० × ०.३८ म्हणजे ४५६ किलोवॅट, ४८० केव्हीए. ५०० तरीही पुरतो. पण काही जण आधी घराचा भार निम्मा करतात आणि मग त्यावर पुन्हा ०.३८ लावतात. मग २२८ किलोवॅट येतात आणि ३१५ केव्हीए पुरेसा वाटू लागतो. ही सवलत दोनदा घेणं झालं. दुसरी चूक म्हणजे अख्ख्या संकुलाचा ०.३८ एका विंगच्या रायझरला, म्हणजे मजल्यांवर वर जाणाऱ्या मुख्य केबलला लावणं. आठ घरांच्या रायझरला ०.७८ ने ६२ किलोवॅट धरावे लागतात, ०.३८ ने येणारे ३० नव्हे. तिथे ट्रान्सफॉर्मर थंड राहतो आणि केबल तापते.

खरी काळजी करायची तर इलेक्ट्रिक गाड्यांची करा, त्या मेसेजमध्ये नेमक्या त्याच नाहीत. गिझर सतरा मिनिटांत थांबतो, पण २० युनिट भरायला ३.३ किलोवॅटचा चार्जर सहा तास चालतो. रात्री अकराला लावलेल्या सगळ्या गाड्या दोन वाजताही एकत्रच चालू असतात, तिथे डायव्हर्सिटी जवळपास उरत नाही. रात्रीच्या २८० किलोवॅटवर ४० गाड्यांचे १३२ चढले तर ४३४ केव्हीए होतात, चालून जाईल. त्याच ४० गाड्यांना ७.४ किलोवॅटचे चार्जर दिले तर ६०६ केव्हीए, आणि तेही तासन् तास. तेव्हा ट्रान्सफॉर्मर वाढवायचा की सगळ्या चार्जरची एकत्रित मर्यादा ठेवणारी यंत्रणा बसवायची, हा निर्णय पहिल्या पाच-सात गाड्या आल्या की सभेत घ्यावा.

बिल्डरकडे मागायची ती लोड शीट, म्हणजे भाराच्या हिशोबाचा कागद. तिच्यात घराचा भार कसा धरला, गुणक कोणत्या पायरीवर आणि कितीदा लावला, विंगच्या रायझरला वेगळा गुणक आहे का, आणि चार्जरसाठी किती किलोवॅट ठेवलेत, एवढं वाचा. वीज कंपनीचे चटई क्षेत्रावर आधारलेले किमान निकष असतील तर ते आणि हा हिशोब यांतला मोठा आकडा धरायचा.