किलोभर तूरडाळीत चौघांचा आठवडा निघत नाही

“तूरडाळीत २२ टक्के प्रोटीन असतं. रोज वाटीभर वरण घ्या, चौघांना आठवड्याला किलोभर डाळ पुरते आणि प्रोटीनचा कोटा पूर्ण होतो. पोळी-भात म्हणजे नुसते कार्ब्स, ते हिशोबात धरूच नका.”

या दाव्यातले २२ टक्के बरोबर, पण कोरड्या डाळीचे. वाटीतलं वरण म्हणजे बहुतांश पाणी. किलोभर डाळ चौघांत सात दिवस वाटली तर माणशी रोज जेमतेम ३६ ग्रॅम येते, म्हणजे आठेक ग्रॅम प्रोटीन.

गरज किती? आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ किलोच्या पुरुषाला रोज ५४ ग्रॅम, ५५ किलोच्या बाईला ४६. घरात चौदा वर्षांचा मुलगा (४५) आणि आठ वर्षांची मुलगी (२३) धरू. चौघांचे मिळून दिवसाला १६८, आठवड्याला सुमारे ११८० ग्रॅम. किलोभर तूरडाळ यातले २१७ देते. एक पंचमांशही नाही.

आता पोळी-भात. दावा सर्वात जास्त फसतो तो इथे. गव्हाच्या आणि ज्वारीच्या पिठात साधारण १० टक्के प्रोटीन असतं, तांदळात ८ च्या आसपास. चौघांना आठवड्याला चार किलो पीठ आणि दोन किलो तांदूळ लागत असतील, तर त्यातूनच साडेपाचशेच्या वर ग्रॅम येतात, म्हणजे जवळपास निम्मी गरज! हे सोडून हिशोब करणारा माणूस शेवटी पावडरच्या डब्यापाशी पोचतो.

मात्र उरलेलं अर्धंही धान्यानेच भरू नये. धान्यात लायसिन हा प्रोटीनचा एक आवश्यक घटक कमी पडतो, तो डाळी-कडधान्यांत भरपूर असतो. दूध दोन्हींची उणीव काढतं. म्हणून डाळ किलोभरच ठेवा, पण जोडीला पाऊण किलो मटकी, चवळी, हरभरा असं कडधान्य आणा (१६५ ग्रॅम), रोज लिटरभर दूध घ्या (२३०), आणि कुटासाठी पाव किलो शेंगदाणे (६०). पीठ-तांदूळ धरून बेरीज साडेबाराशेच्या आसपास जाते. थोडं जास्तच हवं, कारण धान्य-डाळीतलं सगळं प्रोटीन अंगी लागत नाही. तुपासाठी साय काढली तरी प्रोटीन दुधातच राहतं, त्याची काळजी नको. दूध चालत नसेल तर डझनभर अंडी ७५ ग्रॅम देतात, २०० ग्रॅम सोया चंक्स शंभरेक.

वजन जास्त असेल तर किलोमागे ०.८३ ग्रॅम धरून आकडा वाढवा. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना गरज याहून जास्त असते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच.

महिन्याचा किराणा भरणाऱ्यांनी हे सव्वाचारने गुणावं: पीठ १७ किलो, तांदूळ साडेआठ, डाळ-कडधान्यं मिळून साडेसात. वाण्याच्या यादीत ती तीनच किलो असतील, तर आठवड्याला सव्वादोनशे ग्रॅम प्रोटीन कमी पडतंय, म्हणजे आठवडाभराच्या दुधाइतकं.