"मावशी, दोरीत प्रकाश कशाला?"

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितेय. वैतागलात तर पुढे सरका.

माझी भाची दहावीपर्यंत मराठीतून शिकली आणि आता अकरावी सायन्सला आहे. तिला शिकवणाऱ्या एका सरांनी वर्गात फर्मान काढलं, "मराठीतलं विज्ञान विसरा आणि ही यादी पाठ करा." यादीत त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, असं पानभर. पोरीने निमूट पाठ केली. घडाघडा म्हणते. तरी गणित समोर आलं की गाडी अडते.

नेमकी कुठे अडते ते आज शेजारी बसून पाहिलं. गणित असं: एक लाइट, इनएक्स्टेन्सिबल स्ट्रिंग स्मूथ पुलीवरून गेली आहे, दोन टोकांना 3 kg आणि 2 kg वस्तुमानं टांगली आहेत, ॲक्सिलरेशन काढा. ॲक्सिलरेशन तिला येत होतं. ती थांबली ‘लाइट’पाशी. "मावशी, दोरीत प्रकाश कशाला?"

मला हसू आलं आणि लगेच चीड आली. पोरीची नाही. हे शब्द कुठल्याच यादीत नसतात, कारण शिकवणाऱ्याला ते शिकवायचे असतात हेच सुचत नाही. आणि अख्खं गणित तर त्या तीन विशेषणांतच आहे! दोरी लाइट, म्हणजे तिचं वस्तुमान शून्य धरायचं. पुली स्मूथ, म्हणजे घर्षण नाही. या दोन्हींमुळे दोरीतला ताण दोन्ही बाजूंना सारखा, एकच T. आणि इनएक्स्टेन्सिबल, म्हणजे दोरी लांब होत नाही. त्यामुळे एक वजन जेवढं खाली जाईल तेवढंच दुसरं वर येणार, आणि दोघांचं त्वरण एकच, a.

हे एवढं मराठीत सांगितलं आणि बाईसाहेबांनी आकृती काढून दोन समीकरणं मांडली:

3g − T = 3a
T − 2g = 2a

बेरीज केली, g = 5a. म्हणजे a = 1.96 m/s² आणि T = 23.52 N. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ताण 19.6 आणि 29.4 च्या मध्येच यायला हवा ना? हलकं वर जातंय म्हणजे ताण त्याच्या वजनापेक्षा जास्त, जड खाली येतंय म्हणजे त्याच्यापेक्षा कमी." अहो, हेच ते ‘मराठीतलं विज्ञान’, जे विसरायला सांगितलंय!

बरं, इंग्रजी लागतंच, मान्य. पुढची पुस्तकं, पेपर सगळं त्यातच. आमची मराठी परिभाषाही काही वेळा दाताखाली खड्यासारखी येते, तेही मान्य. पण म्हणून एक भाषा पुसून दुसरी लिहायची?

आम्ही आता ती यादी बाजूला ठेवली. नवी वही केली, त्यात इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्द लिहायचाच नाही. समोर लिहायचं ते गणितात काय मांडायचं ते. ‘स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट’ आलं की u = 0. ‘कम्स टू रेस्ट’ आलं की v = 0. ‘युनिफॉर्म व्हेलॉसिटी’ दिसली की a = 0, म्हणजे सगळी बलं मिळून शून्य. बोलताना वाक्य मराठी आणि नामं इंग्रजी: "बॉडीवरचा नेट फोर्स झिरो आहे म्हणून ती त्याच वेगाने जात राहील." भाषाशुद्धीवाले नाकं मुरडतील, मुरडू देत. काही महिन्यांनी वाक्यंही इंग्रजीत येतील, घाई कोणाला आहे?

या घाईनेच तर घोटाळा होतो. तिच्याच वर्गातली एक हुशार मुलगी परवा आमच्याकडे आली होती. ॲक्सिलरेशनची इंग्रजी व्याख्या अगदी स्वल्पविरामासकट म्हणून दाखवली. मी विचारलं, चेंडू सरळ वर फेकला, सगळ्यात उंच जागी त्याचं ॲक्सिलरेशन किती? "झिरो." का गं? "तिथे थांबतो ना." मी तोच प्रश्न मराठीत विचारला: त्या क्षणी पृथ्वी त्याला ओढायची थांबते का? "छे, कशी थांबेल?" मग वेग शून्य झाला तरी तो बदलतोय की नाही? थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "9.8, खालच्या दिशेने. नाहीतर तो तिथेच लटकून राहिला असता."

व्याख्येत ‘रेट ऑफ चेंज’ होतं, तिने ते शंभरदा म्हटलं असेल. पण ‘वेग’ आणि ‘वेगातला बदल’ यांची ताटातूट तिच्या डोक्यात मराठी प्रश्नानेच झाली. व्याख्या आली म्हणजे कळलं असं धरून चालणाऱ्या सरांना हे कधीच दिसणार नाही, कारण ते हा दुसरा प्रश्न विचारतच नाहीत.

सर वाईट नाहीत हो, पोर्शन संपवायचा असतो त्यांना. पण फळ्यावर गणित लिहिल्यावर ‘लाइट’ आणि ‘स्मूथ’खाली एक रेघ ओढायला किती वेळ लागतो?