संबंधितांनी नोंद घ्यावी

बोर्डाच्या परिपत्रकातली क्रियापदं फार भिडस्त असतात. 'करण्यात यावे', 'सादर करण्यात यावे', 'निदर्शनास आणावे'. कुणी करावं, हे विचारलं की मान खाली. दहावीची आवेदनपत्रं ऑनलाइन भरण्याचं परिपत्रक पुण्याहून आलं की मुख्याध्यापक ते 'सर्वांच्या माहितीसाठी' म्हणून ग्रुपवर टाकतात. त्यावर चौदा अंगठे येतात. अंगठ्याचा अर्थ 'वाचलं' असा नसून 'फोन हातात आहे' असा असतो. मग त्याचा एका पानात गोषवारा करायला 'कुणीतरी' लागतो, आणि हा कुणीतरी म्हणजे मी.

गोषवारा करताना सगळे थेट तारखांच्या तक्त्यावर उडी मारतात. मी आधी 'संदर्भ' वाचतो. तिथे याच वर्षीचं आधीचं परिपत्रक नमूद असेल तर हातातलं पत्र नवं नाही, दुरुस्तीचं आहे. अशा वेळी नव्या तारखा लिहिण्याआधी स्टाफरूममधला जुना कागद फाडायचा. दोन्ही कागद शेजारी लटकले की प्रत्येक जण आपल्या सोयीची तारीख निवडतो.

आता तारखा. 'शेवटची तारीख' अशी एकच गोष्ट नसते, तीन असतात: अर्ज भरण्याची, शुल्क बँकेत भरण्याची आणि प्री-लिस्ट, म्हणजे भरलेल्या अर्जांची छापील यादी, विभागीय मंडळात पोचवण्याची. त्यात नियमित आणि विलंब शुल्काचे दिवस वेगळे. समजा या तारखा 20, 25 आणि 28 आहेत आणि वर्गात 60 मुलं आहेत. या तारखा तशाच उतरवल्या तर वर्गशिक्षक 20 तारखेच्या संध्याकाळी कामाला बसतात. त्याच मुहूर्तावर राज्यभरचे वर्गशिक्षक बसलेले असल्यामुळे संकेतस्थळावरचं चक्र गोल फिरत राहतं. म्हणून मी उलटं मोजतो. प्री-लिस्टवर 60 सह्या हव्यात, कुणीतरी मामाच्या लग्नाला गेलेलं असणारच, म्हणून सह्यांना चार दिवस. पैशाला दोन दिवस, कारण चलनावरचा खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड पाहून टाकायचा असतो आणि बँकेच्या यादीत गेल्या वर्षीचाच तयार सापडतो. आणि त्या फिरत्या चक्रासाठी 20च्या आधीचे चार दिवस सोडले की गोषवाऱ्यात अर्जाची तारीख 16 पडते. 20 मी लिहीतच नाही. ती माझ्या डायरीत असते.

मग क्रियापदांना कर्ते शोधायचे. 'माहिती जनरल रजिस्टरनुसार अचूक भरण्यात यावी' या एका वाक्यात तीन माणसं दडलेली असतात. लिपिकांनी रजिस्टर काढायचं, वर्गशिक्षकांनी त्यातलं नाव, आईचं नाव, जन्मतारीख मोठ्यानं वाचायची, तिसऱ्यानं पडद्यावर पडताळायचं. नियमित मुलांची माहिती यू-डायस या सरकारी शाळा-नोंदणीतल्या पेन आयडीवरून, म्हणजे मुलाच्या कायम क्रमांकावरून येते. तिथेच नाव चुकलं असेल तर आधी तिथली दुरुस्ती, मग अर्ज. हा क्रम लिहिला नाही तर चूक अर्जातही नांदायला येते. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणाऱ्यांना नावनोंदणी प्रमाणपत्र लागतं आणि पुनर्परीक्षार्थींना जुनी गुणपत्रिका. त्यांची नावं मी वेगळ्या ओळीत लिहितो, कारण ही मुलं वर्गात नसतात आणि वर्गात नसलेलं मूल कुणाच्याच लक्षात राहत नाही.

सगळ्यात जास्त जागा मी प्री-लिस्टला देतो. परिपत्रकात ती एका वाक्यात उरकते: विद्यार्थ्याची स्वाक्षरी घ्यावी, प्रत्येक पानावर मुख्याध्यापकांनी सही-शिक्का करावा. मूल काय करतं? स्वतःचं नाव शोधतं, फोटो पाहून लाजतं आणि सही ठोकतं. विषयांकडे बघत नाही. मग 'हिंदी संपूर्ण' घेतलेल्या मुलीच्या नावापुढे 'हिंदी-संस्कृत संयुक्त' बसतं आणि ते कळतं हॉल तिकीट हातात आल्यावर. तोवर दुरुस्तीसाठी पत्र, रजिस्टरचा उतारा आणि विभागीय मंडळाची एक वारी असा ऐवज लागतो. म्हणून गोषवाऱ्यात मी लिहितो: 'सहीआधी मुलाने आपले सगळे विषय तोंडी सांगावेत, शिक्षकांनी यादीवर बोट ठेवावे.' याला दर मुलामागे मिनिटभर जातो, म्हणजे 60 मुलांना दोन तासिका धरा. वेळापत्रक बघणाऱ्या बाईंना हे आधी कळवलं नाही, तर त्या दोन तासिका गणिताच्या जातात आणि गणिताचे सर आठवडाभर बोलत नाहीत.

सगळं चिकटवून झालं की 'मुदतवाढ देण्यात येणार नाही' या वाक्याला मुदतवाढ मिळते. मी निमूटपणे 'सुधारित' लिहून नवा कागद काढतो. त्याच्या शेवटी, खूप विचारांती, दोन ओळी वाढवल्या आहेत:

शिक्का: मुख्याध्यापक.
शिक्क्याच्या पॅडमध्ये शाई: शिपाईमामा, 24 तारखेपर्यंत.