फेरफार अडला आहे, पण नेमका कोणत्या टेबलावर?

जमिनीचे खरेदीखत नोंदवून काही महिने उलटले आणि सातबाऱ्यावर अजून विकणाऱ्याचेच नाव दिसत असेल, तर आपल्याकडे बहुतेकांना मिळणारे उत्तर एकच असते : "सहहिस्सेदाराची सही बाकी आहे, त्यांना घेऊन या." सातारा जिल्ह्यात हे वाक्य मी अनेक गावांत ऐकले आहे आणि त्यावर सविस्तर लिहावेसे वाटते, कारण या वाक्याला कायद्याचा आधार नाही. फेरफाराच्या नोटिशीत सहहिस्सेदाराची संमती मागितलेली नसते. आपल्याला हरकत असेल तर ती मुदतीत नोंदवावी, एवढेच त्याला कळवलेले असते.

जवळच्या नात्यातील एका खरेदीचे उदाहरण घेतो. गट १ हेक्टर २० आरचा, सातबाऱ्यावर तीन भावांची नावे सामाईक, आणि त्यांपैकी धाकट्याने आपल्या एक तृतीयांश हिश्श्याची, म्हणजे ४० आर जिरायत जमिनीची नोंदणीकृत विक्री केली. थोरला भाऊ गावातच राहतो, मधला नोकरीनिमित्त कित्येक वर्षे मुंबईत आहे. दस्त जानेवारीत झाला. दुय्यम निबंधक कार्यालयाची संगणक प्रणाली ई-फेरफारशी जोडलेली असल्यामुळे सूची क्रमांक दोनची माहिती तहसील कार्यालयामार्फत तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) पोहोचली आणि गाव नमुना सहामध्ये नोंद धरली गेली. दस्त नोंदणीकृत असला की खरेदीदाराने वेगळी वर्दी देण्याची सक्ती महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात नाही, त्यामुळे पहिला टप्पा सुरळीत पार पडला. मात्र मे महिन्यातही फेरफार प्रलंबितच होता.

नोंद धरल्यावर कलम १५० प्रमाणे तिची प्रत चावडीवर लावली जाते आणि सर्व हितसंबंधितांना नमुना नऊची नोटीस काढली जाते. हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते, आणि ती सगळ्यांना नोटीस पोहोचल्यावर पूर्ण होते, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. तलाठ्याने प्रत्येकाची नोटीस बजावल्याची तारीख प्रणालीत भरल्याशिवाय फेरफार मंडळ अधिकाऱ्यांपुढे निर्णयासाठी जात नाही. आमच्या प्रकरणात थोरल्या भावाची नोटीस फेब्रुवारीतच बजावली गेली होती. मधल्या भावाच्या नावापुढची तारीख कोरी होती, आणि ती का कोरी आहे असे विचारल्यावर वर लिहिलेलेच उत्तर मिळाले.

अधिनियमाच्या कलम २३० मध्ये नोटीस बजावण्याचे मार्ग दिलेले आहेत. ती प्रत्यक्ष हाती देता येते किंवा टपालाने पाठवता येते, आणि या मार्गांनी बजावणी होऊ शकली नाही तर शेवटच्या ज्ञात राहत्या ठिकाणी किंवा गावातील सार्वजनिक जागी चिकटवताही येते. मुंबईतील भाऊ गावी येईपर्यंत फाईल थांबवून ठेवण्याची तरतूद मला अधिनियमात कुठेही आढळली नाही. ज्या जिल्ह्यातील घरटी एक माणूस मुंबई-पुण्यात आहे, तेथे नोटीस गावच्या पत्त्यावर काढायची आणि ती परत आली की फेरफार तसाच ठेवायचा, ही पद्धत मला अन्यायाची वाटते. तलाठ्यांकडे अनेकदा एकाहून अधिक गावांचा कार्यभार असतो हे मान्य करूनही माझे हे मत बदलत नाही, कारण टपालाने नोटीस पाठवायला फार वेळ लागत नाही.

म्हणून पाठपुरावा करताना "आमचे काम कधी होणार?" असे विचारू नये, कारण त्याला "होईल" हेच उत्तर येते. आधी महाभूमीच्या संकेतस्थळावरील 'आपली चावडी'मध्ये गाव निवडून आपला फेरफार क्रमांक, नोंदीची तारीख आणि हरकतीची अंतिम तारीख पाहावी. नोंदच दिसत नसेल तर अडचण तलाठ्यांच्या अलीकडे आहे, बहुधा दस्तातील गट क्रमांक, खाते क्रमांक किंवा नावे अधिकार अभिलेखाशी जुळलेली नाहीत. विकणाऱ्याच्या मयत वडिलांचे नाव सातबाऱ्यावर असल्याचेही पुष्कळदा निघते, आणि मग आधी वारसनोंद झाल्याशिवाय खरेदीचा फेरफार पुढे सरकत नाही. नोंद दिसत असेल तर तलाठी कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. त्यात फेरफार क्रमांक लिहावा, कोणकोणास नमुना नऊ काढला, कोणास कोणत्या तारखेस बजावला आणि कोणाचा बाकी आहे, हे विचारावे आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. आम्ही त्याच अर्जात मधल्या भावाचा मुंबईचा सध्याचा पत्ता पिनकोडसह दिला आणि कलम २३० प्रमाणे टपालाने बजावणी करण्याची विनंती केली. नोटीस रजिस्टर टपालाने गेली, पोच परत आली, तारीख भरली गेली आणि १५ दिवसांत हरकत न आल्यामुळे प्रकरण मंडळ अधिकाऱ्यांकडे गेले. भावाची सही कोणीही मागितली नाही.

त्याने हरकत घेतली असती तर मार्ग वेगळा झाला असता. मग नोंद तक्रारी ठरते, गाव नमुना सहा-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते, आणि अव्वल कारकुनापेक्षा कमी दर्जा नसलेल्या महसूल अधिकाऱ्यापुढे दोन्ही बाजू ऐकून साधारणपणे एका वर्षात तिचा निकाल व्हावा, असे कायदा सांगतो. त्या सुनावणीत मालकी हक्काचा अंतिम निवाडा होत नाही, ते काम दिवाणी न्यायालयाचे आहे. "मला न विचारता विकले" एवढीच हरकत असेल आणि न्यायालयाचा मनाई हुकूम नसेल, तर नोंदणीकृत दस्तावरून नोंद मंजूर व्हायला हवी असे माझे मत आहे. नोंद नामंजूर झालीच, तर आदेशाची प्रत लगेच मागून घ्यावी, कारण उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करायला ६० दिवस मिळतात. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल तर मात्र हे सारे लागू होत नाही. तेथे सक्षम अधिकाऱ्याची परवानगी नसल्यास मूळ व्यवहारच अडचणीत येतो, आणि पुनर्वसनाच्या जमिनी असलेल्या आपल्या भागात खरेदीपूर्वीच हे पाहिलेले बरे.

मधल्या काळात मालकी गेली, अशी भीती घेऊन कोणी बसू नये. हक्क दस्ताने मिळतो, फेरफार ही त्याची महसुली नोंद आहे. तरीही ही दिरंगाई नुसती कागदापुरती राहत नाही. सातबाऱ्यावर जुने नाव असेपर्यंत खरेदीदाराला त्या जमिनीवर पीककर्ज मिळत नाही, आणि विकणाऱ्याने त्याच उताऱ्यावर कर्ज उचलले तर बोजाचा नवा फेरफार येऊन पडू शकतो. सातबाऱ्याच्या तळाशी 'प्रलंबित फेरफार' असा रकाना असतो. आपला क्रमांक तेथे दिसतो आहे ना आणि त्याशेजारी दुसरा एखादा अनपेक्षित क्रमांक आलेला नाही ना, हे अधूनमधून पाहावे.

फेरफार प्रमाणित झाला की डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि आठ-अ दोन्ही काढावेत. क्षेत्र ४० आरच चढले आहे का, विकणाऱ्याचे नाव त्या हिश्श्यातून कमी झाले का, आणि विकास सोसायटीचा जुना बोजा 'इतर अधिकार' रकान्यात राहिला आहे का, हे तपासावे. बोजा फेडूनही नोंद राहिली असेल तर सोसायटीचा बेबाकी दाखला जोडून ती कमी करण्याचा स्वतंत्र फेरफार करावा लागतो. आमच्या प्रकरणात नाव सामाईकातच लागले आहे. स्वतंत्र सातबाऱ्यासाठी आता वाटप आणि पोटहिस्सा मोजणी करावी लागेल, आणि त्यासाठी त्याच दोन भावांना पुन्हा नोटिसा निघतील. मुंबईचा पत्ता या वेळी पहिल्याच अर्जात लिहिला आहे.