हुकलेल्या मुलाखतीचा माफीनामा

मुलाखत हुकली की माफीचा ईमेल लिहिण्याची घाई करू नये. पहिल्या दहा मिनिटांत चार ओळी पाठवल्या तर आपल्याला नोकरी खरोखरच हवी आहे, असा समज होण्याचा धोका असतो. त्यापेक्षा मजकूर रात्रभर घोळवावा आणि दुसऱ्या दिवशी, निमंत्रणाच्या मूळ ईमेलला उत्तर न देता, ‘नमस्कार’ एवढ्याच विषयाचा नवा ईमेल धाडावा, म्हणजे आपण कोण आणि मुलाखत कोणत्या पदाची, याचा शोध त्यांनाच घ्यावा लागेल.

खरे कारण तर मुळीच देऊ नये. समजा, आपण लंडनमध्ये आहात आणि मुलाखत १८ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे सकाळी १० वाजता होती. दोन्ही शहरांत पाच तासांचा फरक असतो हे आपल्याला पाठ असल्यामुळे आपण दुपारी ३ वाजता हजर झालात. अमेरिकेने मात्र उन्हाळी वेळेसाठी ९ मार्चलाच घड्याळे तासभर पुढे केली होती आणि ब्रिटन ती ३० मार्चला करणार होते. मधले तीन आठवडे फरक चारच तासांचा होता, त्यामुळे मंडळी दुपारी २ वाजता आपली वाट पाहून उठून गेली होती. हे दोन वाक्यांत सांगता येते आणि ऐकणाऱ्याला चटकन पटते, हाच त्यातला दोष.

त्याऐवजी ‘अपरिहार्य तांत्रिक अडचण’ असे भारदस्त लिहावे आणि राउटरवर एक परिच्छेद खर्च करावा. बैठकीच्या नोंदीत आपला प्रवेश ३ वाजून १ मिनिटाने झालेला दिसत असेल, तरी बिचकू नये. नेमका एका तासाचा उशीर पाहून टाइम झोनचा घोळ ओळखण्याइतके, किंवा खरोखर इंटरनेट गेलेला उमेदवार २ वाजून ५ मिनिटांनी फोनवरून कळवतो हे ठाऊक असण्याइतके, भरती विभागातले लोक अनुभवी थोडेच असतात?

दिलगिरी किमान सहा वेळा व्यक्त करावी.

नव्या वेळेबाबत मात्र विशेष दक्षता हवी. दोन-तीन पर्याय देऊन प्रत्येकापुढे दोन्ही शहरांतील वेळ आणि ‘यूटीसी −४’, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या चार तास मागे, असा खुलासा लिहिला, तर गैरसमजाला जागाच उरत नाही. आणि कॅलेंडरचे निमंत्रण स्वीकारले, तर स्थानिक वेळ आपोआप समोर येते. म्हणून ‘२० मार्च, सकाळी १०, ईएसटी’ एवढेच लिहावे. ईएसटी ही न्यूयॉर्कची हिवाळ्यातली वेळ आणि ते त्या दिवशी ईडीटीवर, म्हणजे तासभर पुढच्या उन्हाळी वेळेवर, असेल. ईएसटी अक्षरशः घेणारा तिथल्या घड्याळाप्रमाणे ११ वाजता येईल आणि भिंतीवरचे घड्याळ पाहणारा १० वाजता. ईमेलची प्रत मसुद्यांत जपून ठेवावी. २० तारखेला फक्त दिनांक बदलावा लागेल.