तक्ता वाचला, तरी डोके दुखते

“शाळेच्या तपासणीत मुलीची नजर 6/6 आली, मग अभ्यासाला बसल्यावर तिचे डोके का दुखते?”

6/6 वाचता आले म्हणजे लांबचे दिसते, एवढेच सिद्ध होते. त्यासाठी डोळ्याच्या आतल्या स्नायूला किती ताण द्यावा लागला, हे तक्ता सांगत नाही. माझ्याकडे अशाच तक्रारीने आलेल्या नऊ वर्षांच्या मुलीचा नंबर साध्या तपासणीत +1 होता. सायक्लोपेंटोलेटचे थेंब घालून तो स्नायू सैल केल्यावर मात्र तो +4 निघाला. पुस्तक 33 सेंटिमीटरवर धरले, तर निर्दोष डोळ्याला 3 डायॉप्टर जोर लावावा लागतो (चष्म्याचा नंबरही याच एककात मोजतात), तिला मात्र स्वतःच्या +4 नंबराचे 4 धरून 7 लावावे लागत होते, त्यामुळे अर्ध्या पानानंतर अक्षरे पुसट होत आणि कपाळ ठणकू लागे. (तिला घरी आळशी म्हटले जात होते, याचे मला फार वाईट वाटले.)

+2 चे भिंग लावूनही मूल लांबची तीच ओळ वाचत असेल, तर अशा लपलेल्या प्लस नंबराचा संशय घ्यावा आणि थेंब घालूनच नंबर काढावा. थेंबांमुळे येणारा धूसरपणा साधारण दिवसभरात जातो. तिला आम्ही सुरुवातीला +3 चाच चष्मा दिला, कारण सवयीने आवळलेला स्नायू लगेच सैल होत नाही आणि पूर्ण नंबर दिल्यास लांबचे पुसट दिसते म्हणून मुले चष्मा काढून ठेवतात.